पार्श्वभूमी: ‘न्यूट्रल’च्या रकान्यात काय पडून राहते

सोशल मीडियावर लोक आपल्याबद्दल काय बोलतात हे सांगणारा, छोट्या ब्रँडचा महिन्याचा सोशल लिसनिंग अहवाल उघडला, की वर तीन रंगांचे वर्तुळ दिसते. हिरवे पॉझिटिव्ह, लाल निगेटिव्ह आणि उरलेले करडे, न्यूट्रल. या करड्या भागाबद्दल बैठकीत सहसा कोणी विचारत नाही, पण निम्म्याहून अधिक मेन्शन, म्हणजे ब्रँडचे उल्लेख, बहुतेक वेळा त्यातच असतात. लोकांचे मत सरकायला लागते, तेव्हा त्याची पहिली चिन्हेही अनेकदा तिथेच उमटतात. हा भाग दुर्लक्षित का राहिला, याचे मूळ जुन्या तांत्रिक निर्णयांत आहे.

पैसे घेऊन कात्रणे पुरवणारी कार्यालये एकोणिसाव्या शतकातच निघाली होती. ग्राहकाने नाव द्यायचे, वाचकांनी ते वर्तमानपत्रांत शोधून कापून पाठवायचे. 2003 साली आलेल्या गूगल अलर्ट्सने हेच काम ईमेलवर आणले. दोन्हींत नाव कुठे आले एवढेच कळे. सूर कसा आहे, हे वाचणाऱ्यानेच ठरवायचे. सूर यंत्राने ठरवण्याचा प्रश्न आला तो त्याच सुमारास, आणि तो ब्रँडच्या निमित्ताने नव्हे, परीक्षणांच्या निमित्ताने.

2002 सालच्या दोन संशोधनांनी पुढची दिशा ठरवली. एकात चित्रपटांची 700 अनुकूल आणि 700 प्रतिकूल परीक्षणे घेऊन यंत्राला फरक ओळखायला शिकवले. सर्वांत चांगल्या पद्धतीची अचूकता शेकडा 83 च्या आसपास गेली. परीक्षणांना तारे होते आणि ताऱ्यांवरून तीन गट पाडले होते. प्रयोग मात्र दोनच टोकांवर झाला, मधला गट बाजूला ठेवला गेला. संशोधनापुरता हा निर्णय रास्त होता, कारण टोके ओळखता येतात का हाच प्रश्न होता. दुसऱ्या संशोधनात गाड्यांच्या परीक्षणांवर शेकडा 84 अचूकता आली, चित्रपटांवर फक्त 66. तिथले उदाहरण आजही उपयोगी आहे: कथानक ‘अनपेक्षित’ असेल तर ती स्तुती, स्टीअरिंग ‘अनपेक्षित’ वागत असेल तर ती तक्रार. शब्दाचा सूर वस्तूवर अवलंबून असतो.

पुढे ट्विटरसारख्या जागी लोक उघडपणे लिहू लागले, तशी हीच पद्धत विकाऊ साधनांत आली. परीक्षण म्हणजे मत मांडण्यासाठीच लिहिलेला सलग मजकूर. कमेंट म्हणजे ‘हे मोठ्या साइझमध्ये मिळेल का?’. प्रयोगात वगळलेला मधला गट इथे बहुसंख्य होता. त्याला नाव हवे होते, ते मिळाले न्यूट्रल. ही सोय होती, व्याख्या नव्हती.

या रकान्यात नेमके काय पडते, हे एका साधनाची यंत्रणा पाहिली की कळते. 2014 साली आलेले व्हेडर हे मजकुराचा सूर मोजणारे मोफत साधन आजही वापरले जाते. त्याच्याकडे इंग्रजी शब्दांची यादी आहे आणि प्रत्येक शब्दाला गुण आहेत. वाक्यातल्या गुणांवरून -1 ते +1 मधला एक आकडा निघतो. रूढ प्रथेनुसार 0.05 किंवा अधिक म्हणजे पॉझिटिव्ह, -0.05 किंवा कमी म्हणजे निगेटिव्ह, आणि मधले सगळे न्यूट्रल. यादीतला एकही शब्द वाक्यात नसेल तर आकडा शून्य येतो. रोमन लिपीत लिहिलेली मराठी कमेंट, ‘jhakan galtay’, शून्य. देवनागरीतली तीच कमेंट, शून्य. म्हणजे ‘मला यातले काही कळले नाही’ आणि ‘या माणसाचे काही मत नाही’ या दोन गोष्टी एकाच रंगात रंगवल्या जातात. त्यात स्तुती आणि तक्रार एकमेकींना खोडून काढणारी वाक्येही येतात. ‘बाटली मस्त, झाकण टाकाऊ’ यासारखी कमेंट इंग्रजीत लिहिली तरी शून्याजवळ येऊ शकते. टोमणा बहुधा थेट हिरव्यात जातो, ते दुखणे वेगळे.

खरा वाद मात्र पुढच्या पायरीवर आहे: नेट सेंटिमेंट. सगळे एका आकड्यात सांगा, अशी मागणी आली आणि साधनांनी तो आकडा दोन वेगळ्या रीतींनी काढला. नाव दोन्हींना एकच. खाली P म्हणजे पॉझिटिव्ह आणि N म्हणजे निगेटिव्ह मेन्शनची संख्या.

```
(P - N) / (P + N)
(P - N) / (P + N + न्यूट्रल)
```

पहिल्या रीतीत मत नसलेल्यांना मोजतच नाहीत. दुसरीत ते छेदात येतात, त्यामुळे नुसते प्रश्न वाढले तरी आकडा शून्याकडे सरकतो. साधन बदलले आणि सेंटिमेंट ‘अचानक’ पडला, तर आधी मदतपानावर छेद पाहावा. दोन्ही रीतींचे समर्थक आहेत. मोठ्या ब्रँडला कदाचित दोन्ही चालतील. महिन्याला शंभराच्या आत मेन्शन असणाऱ्याला दोन्ही चकवतात.

पाण्याच्या बाटल्या विकणारा एक छोटा ब्रँड कल्पनेने घेऊ. पहिल्या महिन्यात 60 मेन्शन: 18 पॉझिटिव्ह, 6 निगेटिव्ह, 36 न्यूट्रल. दुसऱ्या महिन्यात 90: 18 पॉझिटिव्ह, 9 निगेटिव्ह, 63 न्यूट्रल. पहिल्या रीतीने नेट सेंटिमेंट 50 वरून 33 टक्क्यांवर येतो, दुसऱ्या रीतीने 20 वरून 10 वर. एक डॅशबोर्ड म्हणेल एक तृतीयांशाने घसरण, दुसरा म्हणेल निम्मी. तक्रारी मात्र तीनच वाढल्या आहेत. इतक्या लहान संख्यांसाठी एक ढोबळ कसोटी पुरते: दोन आकड्यांतला फरक त्यांच्या बेरजेच्या वर्गमुळाच्या दुपटीहून मोठा असेल तरच दखल घ्यावी. 6 आणि 9 यांची बेरीज 15, वर्गमूळ सुमारे 3.9, दुप्पट 7.8. फरक 3. म्हणजे यातून काहीच ठरत नाही.

आता लाल रकाना वाचला तर 9 पैकी 5 तक्रारी डिलिव्हरी उशिरा आल्याच्या निघतात. डॅशबोर्डावर विसंबणारा कुरिअर बदलेल. पण करड्या 63 कमेंट हाताने वाचून विषयवार लावल्या की चित्र फिरते. रंग आणि किंमत विचारणाऱ्या 14 वरून 16, कुठे मिळेल विचारणाऱ्या 9 वरून 10, नुसते मित्राला टॅग करणाऱ्या 8 वरून 12, इतर 2 वरून 4. आणि झाकणाबद्दलच्या 3 वरून 21. इथे बेरीज 24, वर्गमुळाची दुप्पट सुमारे 9.8, फरक 18. एकूण मेन्शन दीडपट झाली हे धरले, तरी 3 चे साडेचारच व्हायला हवे होते. ‘बॅगेत आडवी ठेवली तर चालते ना?’, ‘नवीन झाकण आले का?’ यात राग नाही, तक्रार नाही, पण बाटली गळते हे विचारणाऱ्याने आधीच धरून चालले आहे. महिन्यापूर्वी लोक रंग निवडत होते, आता खात्री करून घेत आहेत.

यानंतर तारखा पाहायच्या. 21 पैकी 15 कमेंट एकाच तारखेनंतरच्या असतील, तर त्या दिवसाच्या आसपास कुठेतरी कुणीतरी झाकणाबद्दल काहीतरी पोस्ट केले असणार. ते बहुधा ब्रँडच्या नावाने सापडत नाही, कारण त्यात टॅग नसतो आणि नावाचे स्पेलिंग चुकलेले असते. म्हणून शोधशब्दांच्या यादीत नावाची देवनागरी आणि रोमन रूपे, नेहमीच्या चुका आणि वस्तूचे वर्णन अधिक दोषाचा शब्द अशी जोडी हवी: ‘बाटली गळते’, ‘bottle leak’. माणसेही मोजावीत. एकाच चिडलेल्या ग्राहकाच्या अकरा कमेंट म्हणजे एक माणूस. गिव्हअवेखालच्या कमेंट मोजणीत घेऊच नयेत, त्या हिरवा रकाना फुगवतात.

हाताने वाचण्याकडे परत येण्यामागे दुसरे, कमी उदात्त कारणही आहे: दारे बंद झाली. 2018 च्या वसंतात फेसबुकवरच्या डेटाच्या गैरवापराचे प्रकरण उघड झाल्यावर इन्स्टाग्रामने जुना एपीआय, म्हणजे बाहेरच्या साधनांना मजकूर मिळण्याचा अधिकृत मार्ग, झपाट्याने आवळला. त्याच्या जागी आलेल्या हॅशटॅग शोधात एका खात्याला सात दिवसांत 30 वेगवेगळे हॅशटॅग चालतात आणि ताज्या पोस्ट मागच्या 24 तासांच्याच मिळतात. म्हणजे साधन दोन दिवस बंद पडले, तर त्या मार्गाने ते दिवस परत मिळत नाहीत. 2023 मध्ये ट्विटरचा मोफत वाचन-प्रवेश गेला. सुरुवातीच्या सशुल्क पायरीत महिना 100 डॉलरला 10,000 पोस्ट वाचता येत. त्याच वर्षी जुलैपासून रेडिटनेही दर लावले. स्वस्त साधनांनी मग गुपचूप काही स्रोत गाळले. आलेखात मेन्शन एका आठवड्यात निम्म्यावर आली आणि आपल्या पानावरच्या कमेंट मात्र तेवढ्याच राहिल्या, तर लोक गप्प झालेले नाहीत, स्रोत गेला आहे.

महिन्याला दोनशेपर्यंत मेन्शनसाठी एक साधी शीट पुरते. तारीख, जागा, मजकूर जसाच्या तसा, लिंक, लिहिणारा ग्राहक आहे की नाही, विषय आणि सूर. सूर त्या विषयाबद्दलचा लिहायचा, पूर्ण कमेंटचा नाही. ‘बाटली मस्त, झाकण टाकाऊ’ हिच्या मग दोन ओळी होतात. प्रश्नासाठी वेगळी खूण ठेवावी, त्याला न्यूट्रल म्हणू नये. फेसबुकवर कमेंट वाचताना आधी ‘मोस्ट रिलेव्हंट’ बदलून ‘ऑल कमेंट्स’ करावे, नाहीतर यादी अर्धवट दिसते. इन्स्टाग्रामने आपोआप लपवलेल्या कमेंटही उघडून पाहाव्यात; खरा राग कधीकधी तिथे असतो.

विषयांची संख्या सहा-सातच्या वर नेली की दोन माणसे एकच कमेंट वेगवेगळ्या जागी टाकू लागतात. सुरुवातीला त्याच 50 कमेंट दोघांनी एकमेकांचे न पाहता लावाव्यात. 40 पेक्षा कमी जुळल्या तर बहुधा माणसे नव्हे, विषयांच्या व्याख्या सैल आहेत. ‘दर्जा’ हा विषय जवळजवळ नेहमीच फुटतो. त्याऐवजी ‘झाकण’, ‘रंग उडणे’, ‘वास’ असे लिहिलेले टिकते. आणि मध्येच व्याख्या बदलली, तर मागचे निदान दोन महिने नव्या व्याख्येने पुन्हा वाचावे लागतात. तसे केले नाही तर आलेखात दिसणारा बदल लोकांचा नसतो, शीटचा असतो.