उन्हातलं घड्याळ आणि बॅटरीचा हिशेब

एप्रिलमध्ये वसमतजवळ मामांच्या शेतात हळद शिजवणं चालू होतं. वाफ किती वेळ दिली, हे मामा मनगटावरच्या स्मार्टवॉचमध्ये बघत होते. म्हणजे बघायचा प्रयत्न करत होते. "उन्हात काहीच दिसंना गेलंय, अन् चार्जिंग मात्र सांजच्याला संपायलंय." ऑलवेज-ऑन डिस्प्ले चालू, म्हणजे पडदा कधीच पूर्ण विझत नाही, ब्राइटनेस कायम पूर्ण आणि टाइमआउट, म्हणजे एकदा उजळलेला पडदा उजळ राहण्याचा वेळ, १५ सेकंद अशी त्यांची सेटिंग होती.

भर दुपारच्या उन्हात जमिनीवर साधारण १ लाख लक्स प्रकाश पडतो. घरात ट्यूबलाइटखाली काहीशे. काच त्यातला सुमारे ४ टक्के परत फेकते, म्हणून डायलवर आकाश चमकतं. अमोलेड पडद्यावर काळे पिक्सेल बंदच असतात आणि ऑलवेज-ऑनमध्ये उरलेलेही मुद्दाम मंद ठेवलेले असतात. तो मंद आकडा या चमकेपुढे टिकत नाही. बऱ्याच घड्याळांत ब्राइटनेस वाढवला तरी फरक पडतो तो मनगट उचलल्यावर उजळणाऱ्या पडद्याला.

आता हिशेब. समजा बॅटरी १.१ वॉट-तासांची आहे, उजळ पडदा ३०० मिलिवॉट खातो आणि ऑलवेज-ऑन १०. दिवसातून ८० वेळा घड्याळ पाहिलं आणि टाइमआउट ५ सेकंद असेल, तर पडदा जेमतेम ७ मिनिटं उजळतो: बॅटरी ३ टक्के. १५ सेकंदांना तीच ९ टक्के. मंद ऑलवेज-ऑन मात्र १६ तासांत १४ टक्क्यांहून जास्त घेतो. प्रत्येक घड्याळाचे आकडे वेगळे, पण थेंबथेंब गळणारा नळ बहुतेकदा हाच असतो. तुमच्या घड्याळाचं बघायचं तर सारख्याच कामाचे दोन दिवस निवडा, एकदा चालू आणि एकदा बंद ठेवून सकाळ-संध्याकाळचे टक्के लिहून ठेवा.

मामांचं ऑलवेज-ऑन बंद केलं, 'मनगट उचलल्यावर पडदा उजळणे' चालू केलं आणि टाइमआउट ५ सेकंदांवर आणला. हात हळदीने भरलेले असले तरी बटण दाबावं लागत नाही. ट्रॅक्टर चालवताना हात स्टिअरिंगवर असतो, मनगट उचलता येत नाही. तेवढ्या तासांपुरतं वेळापत्रक लावून ऑलवेज-ऑन ठेवलं तर पटतं.

ब्राइटनेस ऑटोवर टाकला, तरी पहिल्या दिवशी पडदा मधूनच अंधुक व्हायचा. कारण होतं पूर्ण बाहीचा शर्ट. उजेड मोजणारा सेन्सर बाहीखाली गेला की घड्याळाला वाटतं, रात्र झाली. बाही बोटभर मागे सारली की एक-दोन सेकंदांत पडदा उजळतो. बाही मागे असूनही उजळला नाही, तर घड्याळाला हात लावून बघा. ते तापलेलं असलं की स्वतःच ब्राइटनेस उतरवतं. तेव्हा ते सावलीत निवू द्यायचं आणि निवल्यावरच चार्जिंगला लावायचं.

राहिली आकाशाची चमक. उन्हाकडे पाठ करून डायल छातीकडे कलता केला, की काचेत आकाशाऐवजी सावलीतला शर्ट येतो आणि आकडे उठून दिसतात. मामांचा शर्ट पांढरा, त्यामुळे त्यांना फरक थोडा कमी जाणवला. गड्याने निळा घातला होता, त्याच्या मनगटावर तेच घड्याळ जास्त स्पष्ट दिसलं.