तुमच्या व्हेज चीज सँडविचमध्ये कॅलरी नक्की किती? (आधी स्लाइस काट्यावर ठेवा)

हे पत्रक काढायला कारण म्हणजे आमच्याकडे रोज दुपारी येणाऱ्या एक ताई. त्या मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये सगळं टाकतात आणि एक दिवस काउंटरवरच म्हणाल्या, "दादा, तुमच्या बोर्डावर 384 लिहिलंय आणि माझं अ‍ॅप 280 दाखवतंय, मग खोटं कोण बोलतंय?" खोटं कोणीच बोलत नव्हतं. अ‍ॅपमध्ये त्यांनी "ब्रेड, 2 स्लाइस" एवढंच टाकलं होतं, आणि अ‍ॅपने आपल्या मनाने 25 ग्रॅमचा स्लाइस धरला. आमचा जंबो ब्रेडचा स्लाइस भरतो 38 ग्रॅम.

आता हिशोब बघा, अवघड काही नाही. साध्या ब्रेडला 100 ग्रॅममागे साधारण 250 कॅलरी, म्हणजे ग्रॅमला अडीच. 25 ग्रॅमचे दोन स्लाइस घेतले तर 125, आणि 38 ग्रॅमचे दोन घेतले तर 190. फरक 65 चा, आणि एका चीज स्लाइसमध्ये (20 ग्रॅमचा असतो) साधारण 62 कॅलरी असतात, म्हणजे नुसता ब्रेड जाड असला की एक चीज स्लाइस न दिसता जास्तीचा पोटात गेला म्हणायचं!

पण गंमत एवढ्यावर संपत नाही. स्लाइस मोठा असला की त्याच्यावर बटर जास्त लागतं, बटाटाही जास्त बसतो, कोपरे कोरडे राहिले तर तुम्हीच बोलणार ना. आमच्या जंबोत बटर 10 ग्रॅम जातं (72 कॅलरी), उकडलेला बटाटा 40 ग्रॅम (35), काकडी-टोमॅटो-कांदा-बीट मिळून 15, हिरवी चटणी 10, चीज 62 आणि ब्रेड 190, असे झाले 384. तेच छोट्या ब्रेडवर करून बघितलं तर बटर 7 ग्रॅममध्येच भागलं, बटाटा 30 ग्रॅम लागला, भाज्या आणि चटणीही थोडी कमी, टोटल आली 283 च्या आसपास. सँडविच तेच, नाव तेच, आणि फरक शंभरचा. ग्रिलवाल्याला बाहेरूनही बटर लागतं ते वेगळंच, हे आकडे साध्या सँडविचचे आहेत.

ब्रँड बदलला की काय होतं असंही लोक विचारतात. पुड्यावर मागे 100 ग्रॅमचा आकडा छापलेला असतो, तो कुठे 240 तर कुठे 270 असू शकतो, पण आमच्या 76 ग्रॅम ब्रेडला त्याने फार तर 20-25 कॅलरी इकडेतिकडे होतात. खरा खेळ वजनाचाच आहे. ब्राउन ब्रेडचंही तेच, रंगावर जाऊ नका, ग्रॅममागे कॅलरी जवळपास तेवढ्याच, आणि स्लाइस जाड असेल तर उलट जास्तच.

घरी मोजायचं असेल तर एकच स्लाइस काट्यावर ठेवू नका, कारण घरगुती काटा एखादा ग्रॅम सहज खातो आणि एकाच पुड्यातले स्लाइसही सारखे नसतात, आम्ही एकदा 24 पासून 29 पर्यंत बघितलेत. टोकाचे दोन बाजूला काढा, मधले 10 एकदम ठेवा, आलेल्या वजनाला 10 ने भागा. आमचे 10 भरले 382 ग्रॅम. पुड्याचं वजन भागिले स्लाइसची संख्या हेही चालतं, फक्त टोकाचे स्लाइस त्यात मिसळतात.

आणि मोजायचं ते भाजायच्या आधी. टोस्ट केला की पाणी उडून वजन घटतं, कॅलरी मात्र तिथेच राहतात, त्यामुळे भाजलेला स्लाइस 33 ग्रॅम भरला म्हणून अडीचने गुणलं तर आकडा खोटाच कमी येणार. रात्रभर उघडा राहून सुकलेल्या ब्रेडचंही असंच होतं.

शुगरवाल्यांनी हे जरा जास्तच लक्षात घ्या, ब्रेडचं साधारण अर्धं वजन कार्ब्सचं असतं, म्हणजे जंबोच्या दोन स्लाइसमध्ये 38 ग्रॅम आणि छोट्यात 25. जेवणाप्रमाणे इन्शुलिन घेणाऱ्यांना हा फरक छोटा नाही.

मध्ये एकदा आमचा नेहमीचा ब्रेडवाला आलाच नाही, दुसरीकडून पुडे आणले आणि बोर्डावर 384 तसंच राहिलं, स्लाइस मात्र 30 ग्रॅमचा होता. चूक आमचीच. तेव्हापासून सकाळी पहिला पुडा फोडला की 10 स्लाइस मोजतो आणि बोर्डाच्या कोपऱ्यात खडूने "आजचा स्लाइस" लिहितो. अ‍ॅपमध्ये "2 स्लाइस" न टाकता तो आकडा दुप्पट करून ग्रॅममध्ये टाका. लिहायचं राहिलं असेल तर काटा काउंटरवरच आहे, बिनधास्त मागा.