फिकट ते गडद: कापडाच्या छटापत्रातील रंगनामांचा क्रम

एकाच रंगाच्या निरनिराळ्या छटा फिक्याकडून गडदाकडे ओळीने मांडून प्रत्येकीला स्वतंत्र नाव देण्याच्या कामाला छटाक्रम लावणे म्हणतात. कापड रंगवणारे कारखाने, साड्यांचे व्यापारी आणि घरांच्या भिंतींचे रंग बनवणारे उद्योग जे छटापत्र, म्हणजेच शेडकार्ड, ग्राहकापुढे ठेवतात, त्याचा पाया हा क्रम असतो. वरवर पाहता हे काम नजरेच्या अंदाजाने होण्यासारखे वाटते. पण ‘गडद’ या शब्दाखाली मराठीत दोन वेगळे गुण एकत्र आलेले असल्यामुळे ते अडते.

पहिला गुण उजळपणाचा, म्हणजे छटा पांढऱ्याच्या किती जवळ वा काळ्याच्या किती जवळ आहे याचा. दुसरा गुण संपृक्ततेचा, म्हणजे रंग किती चोख आहे आणि त्यात करडेपणा किती कमी आहे याचा. १९७६ साली ठरलेल्या मापनपद्धतीत उजळपणा L* या अंकाने सांगतात. काळ्याचा अंक ० आणि पांढऱ्याचा १०० असतो. पडद्यावरचा चोख पिवळा, #FFFF00, या मापाने ९७ वर येतो, तर चोख निळा, #0000FF, केवळ ३२ वर. फिकट निळा म्हणून ओळखला जाणारा #ADD8E6 सुमारे ८४ वर आहे. म्हणजे ज्याला आपण पिवळाधमक म्हणतो तो रंग फिकट निळ्यापेक्षाही उजळ असतो. म्हणून सगळ्या रंगांना एकच शिडी लावून ‘पाचवी पायरी म्हणजे गडद’ असे ठरवता येत नाही. प्रत्येक रंगाची शिडी त्याच्या स्वतःच्या मर्यादेत बांधावी लागते.

मराठीतले पिवळाधमक, लालभडक, निळाशार, हिरवागार हे जोडशब्द नेमके संपृक्तता सांगतात, छटेची खोली, म्हणजे ती काळ्याच्या किती जवळ आहे हे, सांगत नाहीत. ते क्रमाच्या गडद टोकाला ठेवणे चूक आहे. त्यांची जागा बहुधा मधल्या पायऱ्यांवर, रंग जिथे सर्वांत चोख असतो तिथे पडते. काळाकुट्ट आणि पांढराशुभ्र यांसारखे जोडशब्दच खऱ्या टोकांचे आहेत. निळसर, पिवळसर, तांबूस, हिरवट ही रूपेही फिकेपणा दाखवतात असे सहज वाटते, पण ती रंगाचा कल दाखवतात: निळसर हिरवा हा फिकट हिरवा नसून निळ्याकडे झुकलेला हिरवा असतो. पायऱ्यांसाठी उरतात ते फिकट, हलका, गडद आणि गर्द. यांतले गडद आणि गर्द बोलण्यात एकमेकांच्या जागी येतात, म्हणून छटापत्र करणाऱ्याने त्यांचा क्रम आधी ठरवून तो सगळ्या रंगांना सारखा लावला पाहिजे. इंग्रजीत असा शिस्तबद्ध शब्दसंच १९५५ साली अमेरिकेच्या मानक संस्थेने प्रसिद्ध केला होता. त्यात ठराविक विशेषणे आणि मोजक्या रंगनामांच्या आधारे सर्व रंगांची २६७ गटांत वाटणी केली आहे.

गुलाबीपासून सुरू होणारी शिडी उदाहरणादाखल घेता येईल. समजा १०० ग्रॅम सुती कापडाचे पाच तुकडे निळ्याकडे झुकणाऱ्या एकाच लाल रंगद्रव्याने रंगवायचे आहेत. रंगद्रव्य समान प्रमाणात वाढवत नेले, म्हणजे १, २, ३, ४ आणि ५ ग्रॅम घेतले, तर पहिल्या दोन तुकड्यांत मोठा फरक दिसतो आणि शेवटचे दोन जवळजवळ एकसारखे वाटतात. नजरेला समान अंतर हवे असेल तर प्रमाण गुणाकाराने वाढवावे लागते: ०.०५, ०.१५, ०.५, १.५ आणि ४.५ ग्रॅम, म्हणजे दर पायरीला साधारण तिप्पट. पहिले दोन तुकडे फिकट गुलाबी आणि गुलाबी होतात, तिसरा गडद गुलाबी, चौथा दुकानात ज्याला राणी म्हणतात तो, आणि पाचवा गर्द राणी. पाचव्या पायरीवर तंतूची रंग धरण्याची क्षमता संपत आलेली असते. त्यापुढे टाकलेले रंगद्रव्य बरेचसे धुण्यात निघून जाते आणि छटा मात्र फारशी खोल होत नाही.

याच शिडीच्या टोकाला मरून हवा असेल, तर नुसते लाल रंगद्रव्य वाढवून तो मिळत नाही. त्यासाठी लालात गडद निळा किंवा काळा मिसळून रंगाची संपृक्तता मुद्दाम उतरवावी लागते. राणीपर्यंतचा प्रवास रंग चोख होत जाण्याचा, आणि राणीपासून मरूनपर्यंतचा रंग काळवंडत जाण्याचा आहे. हे वळण छटापत्रात दिसू द्यावे, एका सरळ ओळीत दडपू नये. डाळिंबी मध्येच घुसवण्याचा मोहही टाळावा, कारण तो राणीच्या मानाने पिवळ्याकडे झुकलेला लाल आहे आणि राणीशेजारी ठेवल्यावर खोलीऐवजी कलातला फरकच डोळ्यांत भरतो.

पिवळ्याची शिडी सर्वांत अवघड. पिवळा रंगद्रव्याने खोल करत नेला की तो लालसर होऊ लागतो आणि लिंबूकडून हळदीकडे, तिथून केशरीकडे सरकतो. भिंतीच्या रंगात त्याला काळ्याने गडद करू पाहिले तर तो हिरवट होतो आणि मोहरी ओलांडून शेवाळीकडे जातो. त्यामुळे ‘गर्द पिवळा’ या नावाखाली कोणती वाट धरली आहे हे ग्राहकाला कळत नाही. अशा ठिकाणी विशेषणापेक्षा हळदी किंवा मोहरी हे वस्तूवरून आलेले नाव अधिक अचूक ठरते.

वस्तूवरची नावे मात्र पारखून घ्यावी लागतात. अबोली, लिंबू, हळदी, शेंदरी यांनी मनात एकच छटा उभी राहते. अंजिरी म्हटल्यावर कोणी साल डोळ्यांसमोर आणतो, कोणी गर. मोरपिशीची अडचण आणखी वेगळी: हे नाव अनेकदा ताणा आणि बाणा निरनिराळ्या रंगांचा असलेल्या धूपछाँव रेशमाला दिलेले असते, आणि कापड हलले की निळा व हिरवा आलटून पालटून पुढे येतात. अशा छटेला क्रमात एक ठरलेली जागा देता येत नाही. ती वेगळी छापावी.

क्रम तपासताना तुकडे पूर्ण वाळलेले असावेत, कारण ओले कापड नेहमीच गडद दिसते. ते करड्या पार्श्वभूमीवर, कडेला कड लावून, एकाच प्रकाशाखाली ठेवतात. पांढऱ्या कागदावर तोच तुकडा अधिक गडद भासतो. सर्व तुकडे एकाच पोताचेही हवेत, कारण मर्सराइज केलेले, म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून काढून चमकदार केलेले, सूत तेवढ्याच रंगद्रव्यात साध्या सुतापेक्षा खोल रंगते. प्रत्येक तुकडा शेजारच्या दोघांशी ताडून पाहावा. दोन जाणत्या माणसांनी स्वतंत्रपणे लावलेल्या क्रमात एखादी जोडी उलटी पडली, तर बहुधा त्या दोन छटांत खोलीचा नव्हे, कलाचा फरक असतो, आणि त्यांतली एक शिडीबाहेर काढावी लागते.

छापलेले किंवा चिकटवलेले छटापत्रही कायम टिकत नाही. त्याच रंगद्रव्याची फिकट छटा गडद छटेपेक्षा उन्हाने लवकर उडते. म्हणूनच रंगाचा पक्केपणा तपासताना नमुना किती खोलीचा घेतला हे नमूद करण्याची रीत आहे आणि त्यासाठी १/१, १/३, १/२५ अशा, क्रमाने फिक्या होत जाणाऱ्या, खोलीच्या प्रमाणित पायऱ्या ठरलेल्या आहेत. दुकानाच्या काचेशी टांगलेल्या पत्रात पहिल्या दोन पायऱ्या काही काळाने एकमेकींत मिसळून जातात. म्हणून मूळ नमुने अंधारात, बंद पाकिटात ठेवतात, नावाबरोबर सांकेतिक क्रमांक लिहितात, आणि मागणी नावावर न घेता क्रमांकावर घेतात.