स्पेक्ट्रम उजवीकडून का मोजायचा? इथाइल ॲसिटेटच्या एका स्लाइडची पार्श्वभूमी

एम.एस्सी.च्या वर्गात एक स्लाइड दरवर्षी लागते. वर आयआर, खाली प्रोटॉन एनएमआर, कोपऱ्यात C4H8O2 असं सूत्र आणि "ओळखा". मुलं ओळखतात पण. पण कुणीतरी हमखास विचारतं, सर दोन्ही आलेखांत आकडे डावीकडून उजवीकडे कमी का होत जातात? शाळेपासून एक्स अक्ष डावीकडून उजवीकडे वाढतो असंच शिकलोय ना. बऱ्याच मुलांना वाटतं यामागे काहीतरी खोल थिअरी असेल. तसं काही नाही, हा सगळा जुन्या मशिनांचा वारसा आहे, आणि गंमत म्हणजे दोन आलेखांची कारणं एकमेकांपासून पूर्ण वेगळी आहेत.

आयआरचं आधी उरकतो, कारण तिथे फारसा वाद नाही. इन्फ्रारेड किरण १८०० साली सापडले, पुढे १९०५ च्या सुमाराला शेकडो संयुगांचे स्पेक्ट्रम हाताने मोजून छापले गेले, आणि त्या काळी मोजायचं ते तरंगलांबीत, म्हणजे मायक्रॉनमध्ये. मिठाच्या प्रिझमची मशीनं साधारण २.५ पासून १५ मायक्रॉनपर्यंत जायची, कारण पुढे मीठच किरण शोषून घेतं. मायक्रॉन डावीकडून उजवीकडे सरळ वाढायचे. नंतर लोक वेव्हनंबरकडे वळले, कारण तो ऊर्जेच्या थेट प्रमाणात असतो. वेव्हनंबर म्हणजे तरंगलांबीचा व्यस्त, त्यामुळे जुन्या चित्राचा चेहरा तसाच ठेवला तर आकडे आपोआप उलटे पडतात. लोकांच्या डोळ्यांना कार्बोनिल कुठे दिसतो, ओएच कुठे दिसतो याची सवय झालेली होती, ती कुणाला मोडायची नव्हती.

पण चेहरा अगदी तसाच राहिला नाही. मायक्रॉनच्या कागदावर २.५ ते ५ म्हणजे वेव्हनंबरमध्ये ४००० ते २००० हा भाग फक्त एक पंचमांश जागा घ्यायचा. वेव्हनंबर सरळ रेषेत मांडला की तोच भाग अर्ध्याहून जास्त कागद खातो आणि खरी गर्दी असलेला १५०० च्या खालचा भाग चेपून जातो. म्हणून कितीतरी मशिनांवर २००० ला स्केल बदलायचं, त्याच्या उजवीकडे अंतर दुप्पट. जुन्या कागदावरून स्कॅन केलेली स्लाइड असेल तर हे आधी बघायचं. पट्टी लावून अंदाजाने आकडा काढणारी मुलं इथेच फसतात, २००० च्या दोन्ही बाजूंना एकच माप धरतात आणि मग १७४० चा पीक भलतीकडेच निघतो.

आता आपल्या स्लाइडवर. ३३०० च्या आसपास रुंद पोट नाही, म्हणजे अल्कोहोल नाही. २५०० ते ३३०० असा पसरलेला ढगही नाही, म्हणजे ब्युटिरिक ॲसिड गेलं. २९८० ला साधे सीएच. मग १७४३ ला खणखणीत पीक, जुन्या कागदावर हाच ५.७४ मायक्रॉनला दिसेल. साधा कीटोन १७१५ च्या जवळ असतो, त्याहून हा वर आहे, आणि शिवाय १२४१ आणि १०४८ ला दोन दणकट सी-ओ पीक आहेत, म्हणजे एस्टर. १२४० चा एवढा जाड पीक ॲसिटेटची आठवण करून देतो, पण तेवढ्यावर उत्तर लिहू नका, कारण मिथाइल प्रोपिओनेटचं सूत्रही हेच, कार्बोनिलही जवळपास तिथेच, आणि त्याचा सी-ओ थोडा खाली असतो एवढाच काय तो फरक. आयआर इथपर्यंत आणून सोडतो. पुढचं काम खालच्या आलेखाचं.

आणि खरा गुंता तिथेच आहे.

एनएमआरमध्ये एकाच रेणूतले वेगवेगळे प्रोटॉन वेगळ्या जागी दिसतात हे १९५१ मध्ये इथेनॉलवर ठसठशीत दिसलं, तीन पीक, एकास दोनास तीन प्रमाणात. दहा वर्षांत, १९६१ ला, ६० मेगाहर्ट्झचं असं मशीन बाजारात आलं की ते साध्या केमिस्टलाही चालवता यायचं. बहुतेक जुन्या पुस्तकांतले स्पेक्ट्रम याच पिढीचे. या मशिनांत रेडिओची फ्रिक्वेन्सी ६० ला पक्की बांधलेली असायची, आणि १४,०९२ गाउसच्या आसपासचं चुंबकीय क्षेत्र एका कॉइलने हळूहळू वाढवत न्यायचे. पेन डावीकडून उजवीकडे सरके, म्हणजे कागदावर उजवीकडे जास्त फील्ड. ज्या प्रोटॉनभोवती इलेक्ट्रॉनांची दाट सावली आहे त्याला रेझोनन्सला आणायला बाहेरून जास्त फील्ड द्यावं लागतं, म्हणून तो उजवीकडे. ऑक्सिजनशेजारचा प्रोटॉन उघडा पडलेला, त्याचं काम कमी फील्डमध्येच होतं, म्हणून तो डावीकडे. अपफील्ड आणि डाउनफील्ड हे शब्द इथून आले, आणि तेव्हा ते शब्दशः खरे होते. फरक किती? आपल्या स्लाइडवरचा ४.१२ पीपीएमचा, म्हणजे दहा लाखांत ४.१२ भागांचा, पीक आणि शून्य यांच्यात १४,०९२ गाउसपैकी जेमतेम ०.०५८ गाउसचं अंतर.

प्रश्न होता आकडे कुठून मोजायचे. सुरुवातीला कुणी पाणी धरे, कुणी बेंझीन, आणि दोन पेपरांतले आकडे जुळवताना जीव जायचा. १९५८ मध्ये टीएमएस, म्हणजे टेट्रामिथाइलसिलेन, नमुन्यातच घालायची सूचना आली. बारा सारखे प्रोटॉन म्हणून थेंबभर पुरतं, कशाशी रिॲक्शन करत नाही, २७ अंशाच्या आसपास उकळतं म्हणून नंतर उडवून देता येतं, आणि जवळजवळ सगळ्यांच्या उजवीकडे पडतं. यावर भांडण झालं नाही. भांडण झालं टीएमएसला कोणता आकडा द्यायचा यावर.

त्याच सूचनेत टाऊ स्केल होतं. टीएमएस १० वर, आणि डावीकडे आकडे कमी होत जायचे. म्हणजे फील्डबरोबर आकडाही डावीकडून उजवीकडे वाढणार, आलेख सरळ वाचता येणार. दुसरी मंडळी डेल्टा वापरत होती, टीएमएस शून्य आणि डावीकडे आकडे वाढत जाणार. त्यातही चिन्हाचा घोळ होता, काही लोक डावीकडच्याला उणे लिहायचे कारण तिकडे फील्ड कमी. म्हणजे एकाच प्रोटॉनला एका पेपरात ४.१२, दुसऱ्यात -४.१२ आणि तिसऱ्यात ५.८८. साठच्या दशकात ब्रिटिश लेखनात टाऊ जास्त दिसतो, अमेरिकेकडे डेल्टा, आणि ज्या लायब्ररीत दोन्हीकडची पुस्तकं शेजारी उभी असायची तिथल्या विद्यार्थ्याने काय करायचं.

माझं स्पष्ट मत आहे की त्या काळच्या मशिनासाठी टाऊ हेच जास्त प्रामाणिक स्केल होतं. कागद, फील्ड आणि आकडा तिन्ही एकाच दिशेने जात होते. पण दहाचा आकडा निवडण्यात चूक झाली. आल्डिहाइड ९.७ ला असतो, तो टाऊवर ०.३ वर कसाबसा आत राहतो, पण कार्बोक्झिलिक ॲसिडचा प्रोटॉन ११ किंवा १२ ला जातो आणि टाऊवर उणे होतो. त्यात पुढे कार्बन-१३ चा काळ आला, तिथे पसारा २०० च्याही पुढे, दहामधून वजा करण्याला काही अर्थच उरला नाही. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत डेल्टा पक्का झाला, जास्त फ्रिक्वेन्सीकडे अधिक चिन्ह, आणि ती बाजू डावीकडेच. निर्णय बरोबर होता. मला खटकतं ते एवढंच की आकडा बदलला तरी शब्द जुनेच राहिले.

कारण तोवर मशीनच बदललं होतं. १९६६ पासून फूरियर पद्धत आली, फील्ड पक्कं ठेवायचं, रेडिओचा एक छोटा झटका द्यायचा आणि सगळ्या फ्रिक्वेन्सी एकदम ऐकायच्या. आता फील्ड वाढतच नाही. उघडा पडलेला प्रोटॉन आता जास्त फ्रिक्वेन्सीला बोलतो, टीएमएस कमी फ्रिक्वेन्सीला. म्हणजे "डाउनफील्ड" म्हणताना आपण जास्त पीपीएम, जास्त फ्रिक्वेन्सी असा अर्थ घेतो आणि शब्दात मात्र "डाउन" आहे. तोंडी परीक्षेत मुलगी म्हणते "डाउनफील्ड म्हणजे व्हॅल्यू कमी" आणि मार्क जातात, तर त्यात तिची चूक कमी आणि आमची जास्त. मी आता वर्गात "डावीकडे" आणि "उजवीकडे" एवढंच म्हणतो.

तर स्लाइडचा खालचा आलेख. तीन गट, १.२६ ला ट्रिप्लेट, २.०४ ला एकटा सिंग्लेट, ४.१२ ला क्वार्टेट. इंटिग्रेशनच्या पायऱ्या पट्टीने मोजल्या तर तीनास तीनास दोन, आठही प्रोटॉन हिशोबात आले. ट्रिप्लेट आणि क्वार्टेट ही इथाइलची जोडी, दोघांतल्या रेषांचं अंतर एकच, ७ हर्ट्झच्या आसपास, ते जुळलं तरच ते शेजारी. खरा निकाल क्वार्टेटच्या जागेने लागतो. ४.१२ म्हणजे CH2 थेट ऑक्सिजनला जोडलेला, आणि २.०४ चा CH3 कार्बोनिलला. मिथाइल प्रोपिओनेटमध्येही ट्रिप्लेट, क्वार्टेट, सिंग्लेट हेच तिघे असतात, फक्त तिथे सिंग्लेट ३.६७ ला कारण ऑक्सिजनवर मिथाइल बसलंय, आणि क्वार्टेट २.३ कडे. नुसते आकार बघून उत्तर लिहिणारे इथे हमखास चुकतात.

एक गोष्ट जुन्या स्लाइडवर गोंधळात टाकते. तेच ७ हर्ट्झ ६० च्या मशीनवर ०.१२ पीपीएम व्यापतात आणि ३०० वर ०.०२३, त्यामुळे जुना क्वार्टेट चांगला पसरलेला दिसतो आणि नवा एका काडीसारखा. संयुग तेच असतं. जुन्या कागदावर टोकदार पीकच्या उजव्या अंगाला थरथरत विरणाऱ्या लहान लाटा दिसल्या तर त्या मळ समजू नका. पेन पीकवरून पुढे गेल्यावर प्रोटॉन घंटेसारखे थोडा वेळ घुमत राहतात, त्याची ती खूण, आणि फील्ड कुठल्या दिशेने वाढत होतं तेही त्यावरून कळतं.

आता बहुतेक ठिकाणी टीएमएस घालतच नाहीत, क्लोरोफॉर्मच्या उरलेल्या ७.२६ च्या पीकवरून शून्य लावतात. ॲरोमॅटिक संयुग असेल तर त्या गर्दीत सॉफ्टवेअर कधी भलताच पीक पकडतं आणि सगळे आकडे सारख्याच फरकाने सरकतात. सगळेच पीक पुस्तकापेक्षा, समजा, ०.०८ ने एकाच बाजूला दिसले तर संयुगावर शंका घेण्याआधी शून्य तपासा. आणि लायब्ररीतल्या एखाद्या जुन्या पुस्तकात इथाइल ॲसिटेट ५.८८, ७.९६, ८.७४ असं छापलेलं सापडलं तर घाबरू नका, तो टाऊ आहे, प्रत्येक आकडा दहातून वजा करा.