चेहऱ्याचे चार रंग आणि त्यांच्या सीमारेषा

अमेरिकेच्या 2008च्या अध्यक्षीय निवडणुकीत शेपर्ड फेअरी या चित्रकाराने केलेले बराक ओबामांचे पोस्टर जगभर पोहोचले. गडद निळा, लाल, फिकट निळा आणि पिवळसर क्रीम एवढ्या चार सपाट रंगांत तो चेहरा उभा केलेला आहे. कोणत्याही माणसाचा चेहरा लाल आणि निळा नसतो, तरीही हे पोस्टर पाहताना कोणाला अडखळल्यासारखे होत नाही आणि चेहरा कोणाचा हे क्षणात कळते. अशीच किमया आपल्या छायाचित्रावर साधावी म्हणून अनेक जण फोटो संपादनाच्या सॉफ्टवेअरमधील ‘पोस्टराइझ’ हा पर्याय वापरून पाहतात आणि बहुतेकदा त्यांच्या हाती येतो तो डागाळलेला, त्वचारोग झाल्यासारखा दिसणारा चेहरा. या दोन निकालांतील फरकाचे मुख्य कारण रंगांच्या निवडीपेक्षा एका रंगाची हद्द संपून दुसऱ्याची कोठे सुरू होते यात आहे.

आधी रंगांचे पाहू. चेहरा ओळखण्यासाठी आपली दृष्टी प्रामुख्याने उजेड आणि सावली यांच्या रचनेवर विसंबते. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ क्रेग मूनी यांनी 1957 मध्ये केवळ शुद्ध काळा आणि शुद्ध पांढरा यांत उतरवलेले चेहरे अभ्यासासाठी वापरले. त्यांत मधल्या छटा नव्हत्या, अनेक कडा तर पूर्ण नाहीशा झाल्या होत्या, तरीही पाहणाऱ्यांना त्यांत चेहरे दिसत. मात्र असे चित्र उलटे धरले, तर ओळखणे फार अवघड होते. फोटोच्या निगेटिव्हमध्ये, म्हणजे उजेडाचा क्रम उलटा झाल्यावर, ओळखीचा चेहरासुद्धा परका वाटतो. त्यामुळे पोस्टरमध्ये कोणताही रंग वापरता येतो, फक्त मूळ फोटोतील गडदपासून उजळापर्यंतचा क्रम मोडता कामा नये.

ओबामा पोस्टरची डिजिटल नक्कल करताना जे रंग सर्रास वापरले जातात, त्यांची उजळता मोजली की हे स्पष्ट होते. डोळ्याला हिरवा घटक सर्वांत उजळ आणि निळा सर्वांत मंद भासतो, म्हणून लाल, हिरवा व निळा या घटकांना अनुक्रमे 0.299, 0.587 आणि 0.114 असे भार देऊन बेरीज करण्याची रूढ पद्धत आहे. शून्य म्हणजे काळा आणि 255 म्हणजे पांढरा अशा मापावर गडद निळा सुमारे 39, लाल 84, फिकट निळा 140 आणि क्रीम 227 येतो. रंग कितीही भडक आणि परस्परविरोधी वाटले, तरी उजळतेची ही जवळजवळ नीट चढत जाणारी शिडी आहे. याउलट शुद्ध लाल आणि मध्यम गडद हिरवा हे दोन रंग घेतले, तर दोघांची उजळता 76 च्या आसपास येऊ शकते. त्यांना शेजारी ठेवल्यास रंग वेगळे दिसतात, पण त्यांच्यामधली नाकाची किंवा गालाची घडण नाहीशी होते. रंग ठरवल्यावर चित्र एकदा कृष्णधवल करून पाहावे. दोन शेजारी पट्टे एकमेकांत विरघळले, तर त्यांतील एक रंग बदलावा लागतो.

आता हद्दीकडे वळू. संगणकाच्या दृष्टीने पोस्टर करणे म्हणजे उजळतेच्या मापावर काही ठिकाणी छेद घेणे. चार रंगांसाठी तीन छेद लागतात. ‘पोस्टराइझ’चा साधा पर्याय हे छेद यांत्रिकपणे, समान अंतरावर घेतो: 64, 128 आणि 192. फोटोत काय आहे याची तो चौकशीही करत नाही.

एक उदाहरण घेऊ. पांढरी टोपी घातलेले, सावळ्या वर्णाचे एक वृद्ध गृहस्थ खिडकीशेजारी बसले आहेत आणि उजेड एका बाजूने येतो आहे. समजा, मोजणीत पुढील आकडे मिळाले. चेहऱ्याची उजेडातील बाजू 130 ते 165, कपाळावरची व नाकाच्या शेंड्यावरची चमक 175 ते 190, सावलीतला गाल 65 ते 100, आणि डोळ्यांच्या खोबणी, नाकपुड्या, भुवया व हनुवटीखालचा भाग 45 पेक्षा कमी. मागची भिंत 180 आणि टोपी 230 च्या जवळ. आता समान अंतराचे छेद लावून पाहा. 64 चा छेद सावलीतल्या गालाच्या अगदी खालच्या काठाला लागतो. 128 चा छेद उजेडातल्या गालाच्या काठाला खेटून जातो. 192 चा छेद तर चेहऱ्यावरच्या चमकेच्याही वर आहे, म्हणून कपाळावरची चमक, गाल आणि भिंत हे सारे एकाच रंगात मिसळून जाते. तिन्ही छेद चुकीच्या जागी पडले आहेत. गौर चेहऱ्याच्या बाबतीत हेच आकडे योगायोगाने बरे जमतात, पण आपल्याकडच्या बहुसंख्य चेहऱ्यांना ते सोसत नाहीत.

छेद गालाच्या काठाला लागला की डाग का पडतात, हे समजणे महत्त्वाचे आहे. प्रत्येक छायाचित्रात थोडा दाणेदारपणा असतो. शेजारशेजारचे बिंदू, म्हणजे पिक्सेल, खरे तर एकाच उजळतेचे असले, तरी त्यांचे आकडे दोन-तीनने वरखाली होतात. गालावर उजळता फार हळू बदलते, समजा दहा बिंदूंच्या अंतरात एक अंकाने. तेथे तीन अंकांचा चढउतार सीमारेषेला तीस बिंदू इकडे किंवा तीस बिंदू तिकडे ढकलू शकतो, आणि तोही प्रत्येक ओळीत वेगळा. नाकाच्या कण्यावर उजळता एका बिंदूत दहा अंकांनी बदलत असेल, तर तोच चढउतार रेषेला बिंदूच्या एक तृतीयांशाइतकेही हलवत नाही. कोकणातल्या सपाट पुळणीवर छोटीशी लाट पाण्याची रेघ कित्येक पावले पुढे आणते आणि कातळकड्याशी मात्र तीच लाट रेघ फारशी हलवत नाही, तसाच हा प्रकार आहे. म्हणून छेद असा निवडावा की त्याची सीमारेषा उजळता झपाट्याने बदलणाऱ्या जागांवरून जाईल.

अशी जागा शोधण्यासाठी उजळतेचा आलेख, म्हणजे हिस्टोग्राम, उपयोगी पडतो. एखाद्या उजळतेचे बिंदू फोटोत किती आहेत हे तो दाखवतो. सपाट गाल तेथे उंचवटा म्हणून दिसतो आणि झपाट्याने बदलणारा भाग दोन उंचवट्यांमधली दरी म्हणून दिसतो, कारण त्या मधल्या उजळतेचे बिंदू थोडेच असतात. आपल्या उदाहरणात दऱ्या 50, 115 आणि 170 च्या आसपास आहेत. जपानचे नोबुयुकी ओत्सु यांनी 1979 मध्ये मांडलेली पद्धत असे छेद आपोआप काढून देते. मात्र तिला पूर्ण फोटो दिला, तर ती भिंत आणि टोपी यांच्याच मागे लागते, कारण त्यांचे क्षेत्रफळ मोठे असते. केवळ चेहऱ्याचा भाग निवडून तिच्यापुढे ठेवला, तर निकाल बराच सुधारतो. माझे मत असे की, तिचा आकडा सुरुवात म्हणून घ्यावा आणि शेवटचे पाच-दहा अंक डोळ्यांनी ठरवावेत.

छेद घेण्यापूर्वी फोटो थोडा धूसर करावा लागतो. दाणेदारपणा शेजारच्या बिंदूंच्या सरासरीत बुडून जातो आणि रेषा गुळगुळीत येतात. ImageMagick या मोफत साधनाने हे सारे तीन ओळींत होते:

```
magick chehra.jpg -colorspace Gray -blur 0x6 -threshold 67% fikat.png
magick chehra.jpg -colorspace Gray -blur 0x6 -threshold 45% lal.png
magick chehra.jpg -colorspace Gray -blur 0x6 -threshold 20% gadad.png
```

येथे टक्केवारी 255 च्या प्रमाणात आहे, म्हणजे 170, 115 आणि 50. सहा हा धूसरपणाचा आकडा साधारण हजार बिंदू रुंदीच्या चेहऱ्याला चालतो आणि लहान फोटोसाठी तो कमी करावा लागतो. धूसरपणा वाढवला की डाग जातात, पण डोळ्यांचे कोपरे गोलसर होतात आणि बुबुळावरचा उजेडाचा ठिपका पुसला जातो. तो ठिपका गेला की चेहरा निर्जीव दिसतो, म्हणून एवढा एक ठिपका हाताने पुन्हा ठेवणे योग्य. कडा राखून फक्त सपाट भाग गुळगुळीत करणारे बायलॅटरल फिल्टर असतात आणि ते अशा ठिकाणी अधिक बरे काम करतात. पण वृद्ध चेहऱ्यावरच्या सुरकुत्या ते कडा समजून जपतात, आणि मग प्रत्येक सुरकुतीचा एक काळा किडा तयार होतो.

उदाहरणात एक अडचण अजून शिल्लक आहे. 170 च्या वरचे सारे क्रीम रंगात गेल्यामुळे टोपी आणि भिंत एक झाली. कोणताही छेद यावर चांगला उपाय नाही, कारण 200 चा छेद टोपी वेगळी करील, पण कपाळावरची चमक घालवील. पार्श्वभूमीचा निर्णय उजळतेवर सोडू नये हेच खरे. भिंत कापून तेथे एक सपाट रंग भरावा, म्हणजे टोपीची कड आपोआप उमटते. फेअरी यांच्या पोस्टरमध्येही मागची बाजू लाल आणि निळा अशा दोन भागांत विभागलेली आहे आणि मूळ फोटोतील पार्श्वभूमीशी तिचा काही संबंध नाही. (तो फोटो असोसिएटेड प्रेससाठी मॅनी गार्सिया यांनी 2006 मध्ये काढला होता आणि त्यावरून झालेला वाद 2011 मध्ये तडजोडीने मिटला. दुसऱ्याच्या फोटोवर काम करणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेले बरे.) त्याच पोस्टरमध्ये क्रीम रंगावर फिकट निळ्या रेघा ओढून दोहोंमधली एक छटा साधली आहे, म्हणजे जास्तीची शाई न वापरता पाचवी पायरी मिळाली आहे.

प्रत्यक्ष स्क्रीन प्रिंटिंग करायचे असेल, तर वरच्या तीन फायलीच तीन फ्रेमांसाठीच्या पॉझिटिव्ह, म्हणजे जाळीवर आकार उतरवण्यासाठीच्या काळ्या-पांढऱ्या प्रती, ठरतात, आणि कागदाचा क्रीम रंग हा चौथा रंग. पहिल्या फायलीत 170 पेक्षा गडद असलेले सारे काही काळे आहे, म्हणजे दुसरी आणि तिसरी फाईल तिच्या पोटातच सामावलेली आहे. त्यामुळे आधी फिकट निळा, त्यावर लाल आणि शेवटी गडद निळा अशा क्रमाने छापले की रंग एकावर एक बसतात आणि फ्रेम केसभर सरकली तरी मध्ये कागदाची फट दिसत नाही. अट एवढीच की शाई अपारदर्शक हवी, नाहीतर निळ्यावरचा लाल जांभळट होतो आणि उजळतेची शिडी बिघडते. पारदर्शक शाईच वापरायची असेल, तर खालच्या रंगातून वरच्या रंगाचा आकार वजा करावा आणि कडेला सुमारे अर्धा मिलिमीटर रंग एकमेकांवर चढू द्यावा. पॉझिटिव्ह काढण्यापूर्वी एक मिलिमीटरपेक्षा लहान सुटे ठिपकेही पुसून टाकावेत. तीनशे बिंदू प्रति इंच या मापाने ते बारा बिंदूंहून लहान असतात. फ्रेमवर प्रकाश टाकून ती धुताना अशा ठिपक्यांवरची इमल्शन, म्हणजे जाळीवरचा प्रकाशाने घट्ट होणारा थर, सुटते किंवा अर्धवट राहते, आणि मग प्रत्येक प्रतीवर तो ठिपका वेगळाच उमटतो.