पांढरी सहा दाबली की ट्यूनरची सुई का डुलते?

कोल्हापुरातल्या भजनी मंडळांतही पेटी सुरात आहे का, हे आता मोबाइलवर बघता येतं. पांढरी सहा दाबून अ‍ॅप समोर धरावं, तर कधी कधी सुई एका जागी थांबतच नाही. अशा वेळी फोनला नावं ठेवण्याआधी तो नेमकं काय मोजतो ते बघावं.

माइकवर पडणारा हवेचा दाब फोन सेकंदाला साधारण 44,100 वेळा नोंदवतो. अ‍ॅप त्यातले, समजा, 4,096 आकडे घेतं. हा झाला सेकंदाचा जेमतेम अकरावा भाग. मग हीच आकड्यांची रांग स्वतःवर एकेक घर सरकवत किती घरांनंतर ती पुन्हा जुळते हे शोधतं. स्वर 220 हर्ट्झचा असेल, तर लहर 200.45 घरांनी पुन्हा येते. पण सरकवायचं पूर्ण घरांनीच. 200 धरले तर उत्तर 220.5 हर्ट्झ, 201 धरले तर 219.4. एवढ्यानेच जवळपास 9 सेंटचा फरक पडतो (शेजारच्या काळ्या-पांढऱ्या पट्टीत 100 सेंटचं अंतर असतं). म्हणून चांगलं अ‍ॅप आजूबाजूच्या आकड्यांवरून दोन घरांमधलं जुळणीचं खरं शिखर काढतं.

आता डबल रीडची पेटी घ्या. एक पट्टी दाबली की खर्ज आणि नर असे दोन रीड एकदम वाजतात. खर्ज 220 वर बरोबर आहे, पण नर 440 ऐवजी 442 वर चढलाय, म्हणजे 8 सेंट. खर्जाच्या आवाजात त्याच्या दुपटीचा, म्हणजे 440 चा अंशही असतोच. त्याची आणि 442 ची सेकंदाला दोनदा गाठ पडते, आवाज लहरतो आणि सुईही त्याच ठेक्यात डुलते. ओळखायची खूण हीच: कानाला ऐकू येणाऱ्या लहरीबरोबर सुई हलली तर रीड बिघडलेत, कशीही भरकटली तर पंखा, गोंगाट किंवा रंकाळ्यावरचा वारा.

अशा वेळी दोन्ही रीड एकत्र मोजून उपयोग नाही. एका रीडच्या जिभेखाली कागदाचा पातळ तुकडा सरकवून तो गप्प करायचा, दुसरा एकटा मोजायचा, मग उलट. भाता एकसारखा चालवा. जोर वाढला की रीडचा स्वर किंचित उतरतो. स्वर चढलेला असेल तर जिभेच्या मुळाशी अगदी हलकं घासतात, उतरलेला असेल तर टोकाशी. धातू परत चिकटवता येत नाही, त्यामुळे दर एक-दोन घासण्यांनंतर मोजलेलं बरं.

गिटारवर वेगळीच गंमत होते. सर्वांत जाड तार 82.4 हर्ट्झची, आणि इतका खालचा आवाज फोनचा लहान माइक बऱ्याचदा कमी उचलतो. ब्रिजजवळ नखाने छेडली तर वरचे अंश आणखी ठळक होतात आणि अ‍ॅप E ऐवजी B दाखवू शकतं, कारण तिसरा अंश तिपटीचा, 247 हर्ट्झचा, म्हणजे B च आहे. तार पिळू नका. बाराव्या फ्रेटच्या वर अंगठ्याने हळू छेडा, सुरुवातीचा ठोका जाऊ द्या आणि अर्ध्या-एक सेकंदानंतर सुई वाचा.