काखेतला आणि जांघेतला डाग: बुरशी की जिवाणू, आणि जांभळ्या दिव्याखाली काय दिसते

ठाणे आणि नवी मुंबईच्या दमट हवेत, विशेषतः जून ते ऑक्टोबर या महिन्यांत, जांघेत किंवा काखेत उठलेल्या कोणत्याही तपकिरी डागाला सरसकट ‘नायटा’ किंवा ‘गजकर्ण’ म्हटले जाते आणि मेडिकलमधून बुरशीवरचे मलम आणून लावले जाते. बऱ्याचदा हे निदान बरोबरही ठरते, कारण बुरशीचा संसर्ग आपल्याकडे खरोखरच फार आहे. परंतु या डागांपैकी काही बुरशीचे नसतात. ते एरिथ्रास्मा नावाच्या आजाराचे असतात आणि त्यामागे असतो कोरिनेबॅक्टेरियम मिन्युटिसिमम हा एक जिवाणू. तो बहुतेकांच्या त्वचेवर एरवीही निमूटपणे राहत असतो. घाम, सततचा ओलावा, वाढलेले वजन किंवा मधुमेह यांची साथ मिळाली की त्वचेच्या सर्वांत वरच्या मृत थरात त्याची वाढ होते. या गोंधळाबद्दल रुग्णाला दोष देण्यात अर्थ नाही, कारण वैद्यकशास्त्रानेही एकोणिसाव्या शतकात वर्णन झालेल्या या आजाराला जवळजवळ शंभर वर्षे बुरशीचाच आजार मानले होते. तो जिवाणूमुळे होतो हे १९६१ मध्ये सिद्ध झाले.

नुसत्या डोळ्यांनी पाहूनही काही फरक कळतात. जांघेतला नायटा बाहेरच्या बाजूने पसरत जातो, म्हणून त्याची कड सर्वांत जिवंत असते: तिथे त्वचा किंचित उंचावलेली, लालसर, बारीक पुटकुळ्यांची आणि खपल्यांची असते, तर मधला भाग निवळत आलेला दिसतो. खाज तर अशी असते, की रात्री झोप मोडावी. एरिथ्रास्माचा डाग मात्र कडेपासून मध्यापर्यंत साधारण एकसारखा असतो. त्याची सीमा स्पष्ट असते, पण उंचावलेली नसते. पृष्ठभागावर बारीक सुरकुत्या आणि पिठासारखा कोंडा असतो. खाज नसते किंवा अगदी मामुली असते. पाठ्यपुस्तकांत या डागाचा रंग गुलाबी-लाल असा दिलेला असतो, पण आपल्या सावळ्या त्वचेवर तो बहुधा तपकिरी किंवा काळपटच दिसतो आणि त्यामुळे लठ्ठपणात काखेत येणाऱ्या मखमली काळेपणाशीही त्याची गल्लत होते. शिवाय आधीच मलमे लावून झालेली असतील, तर ही सगळी लक्षणे पुसट होतात. अशा वेळी त्वचारोगतज्ज्ञ खोलीतले दिवे बंद करून हातात धरायचा एक जांभळट दिवा लावतात. त्याला वुड्स लॅम्प म्हणतात.

रॉबर्ट विल्यम्स वुड या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १९०३ मध्ये अशी एक काच तयार केली, जी डोळ्यांना दिसणारा जवळजवळ सगळा प्रकाश अडवते आणि सुमारे ३६५ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण तेवढे पलीकडे जाऊ देते. त्वचेच्या तपासणीसाठी तिचा उपयोग १९२५ च्या सुमारास सुरू झाला. एरिथ्रास्माच्या जिवाणूच्या बाबतीत हा दिवा कामी येतो, तो त्या जिवाणूच्या एका खोडीमुळे. वाढताना तो कोप्रोपॉर्फिरिन-३ नावाचे द्रव्य तयार करून आसपास सोडतो. हे द्रव्य आपल्या रक्तातील लाल रंगद्रव्याच्या घराण्यातलेच आहे. अतिनील किरण शोषून घेतल्यावर त्यातली काही ऊर्जा ते लाल प्रकाशाच्या रूपाने परत देते. त्यामुळे दिव्याखाली निरोगी त्वचा मंद निळसर-जांभळी दिसत असताना एरिथ्रास्माचा डाग मात्र पोवळ्यासारखा लाल चमकतो. नायट्याची बुरशी असे द्रव्य बनवत नाही, म्हणून जांघेतला नायटा दिव्याखाली चमकत नाही. येथपर्यंत सगळे सोपे वाटते. अडचण पुढे आहे, आणि ती समजण्यासाठी एक नमुन्यादाखल रुग्ण डोळ्यांसमोर आणू.

कळव्यात राहणारे, रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणारे पन्नाशीचे गृहस्थ. जाड पॉलिस्टरचा गणवेश, दिवसभर घाम, अंगाने स्थूल; साखरेची आणि कोलेस्टेरॉलची गोळी चालू. दोन्ही काखांत आणि दोन्ही जांघांत चार महिन्यांपासून तपकिरी डाग आहेत. आधी त्यांनी बुरशीवरचे क्लोट्रिमॅझोलचे मलम लावले, तेव्हा थोडा फरक पडला. मग कोणीतरी सुचवले म्हणून स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेले मलम आणले. आठवडाभर बरे वाटले, नंतर जांघेतला डाग बाहेर पसरू लागला आणि खाज सुरू झाली. नौपाड्यातल्या दवाखान्यात डॉक्टर दिवा लावतात, तर काखेत जेमतेम गुलाबी छटा आणि जांघेत काहीच नाही.

“काका, आज आंघोळ कधी केलीत?”

“आत्ताच. डॉक्टरांकडे यायचं म्हणून घासूनपुसून आलोय, वास नको यायला.”

गोम नेमकी इथेच असते. कोप्रोपॉर्फिरिन पाण्यात विरघळते. साबणाने चोळून धुतलेल्या काखेत जिवाणू शाबूत राहतात, पण त्यांनी साठवलेले चमकणारे द्रव्य वाहून जाते आणि दिवा खोटे ‘नाही’ म्हणतो. तपासणीआधी स्वच्छ होऊन जाणे ही आपली सभ्यतेची रीत, पण या एका तपासणीत तीच आड येते. डॉक्टर त्यांना चार दिवसांनी पुन्हा बोलावतात. येण्याआधीचा पूर्ण एक दिवस काखेला आणि जांघेला साबण-पाणी लावायचे नाही, तसेच मलम, पावडर किंवा डिओ यांपैकी काहीही लावायचे नाही, असेही बजावतात.

दुसऱ्या खेपेला पद्धत तीच, पण सावकाश. दिवा साधारण मिनिटभर आधी लावून ठेवतात, खोली पूर्ण काळोखी करतात, डोळे अंधाराला सरावू देतात आणि दिवा त्वचेपासून दहा ते पंधरा सेंटीमीटर अंतरावर धरतात. रुग्णाने दिव्याकडे थेट पाहायचे नसते. आता दोन्ही काखा ठळक लाल चमकतात. जांघेच्या घडीलगतचा भागही चमकतो, मात्र मांडीकडे पसरलेली उंचावलेली कड काळीच राहते. मलमाचा अंश, डिओ, कपड्यांचे तंतू यांचीही चमक दिसते, पण ती निळसर-पांढरी असते आणि पुसल्यावर जाते. पोवळ्याच्या लालीशी तिची गल्लत करू नये. नोटा तपासण्याची बाजारातली स्वस्त जांभळी टॉर्च घरी वापरून पाहण्याचा मोह टाळलेला बरा. तिची तरंगलांबी बहुधा ३९५ नॅनोमीटरच्या आसपास असते आणि तिच्या दिसणाऱ्या जांभळ्या उजेडातच ही मंद लाली बुडून जाते.

मग ती काळी कड कशाची? दिव्याचे उत्तर एकाच बाजूने भरवशाचे आहे, हे इथे लक्षात घ्यावे लागते. लाल चमकले तर एरिथ्रास्मा जवळजवळ नक्की. न चमकले तर मात्र ‘बुरशी आहे’ असे म्हणता येत नाही. ती बुरशी असू शकते, धुतलेला एरिथ्रास्मा असू शकतो, घडीतला सोरायसिस असू शकतो किंवा डिओची ॲलर्जीही असू शकते. जांघेत होणारा कॅन्डिडा या वेगळ्या बुरशीचा संसर्गही असा चमकत नाही. तो मुख्य लाल चट्ट्याभोवती विखुरलेल्या बारीक फोडांवरून ओळखावा लागतो. म्हणून बुरशीचा शोध दिव्याने नव्हे, तर सूक्ष्मदर्शकाने घ्यायचा असतो. बोथट पात्याने कडेवरचा कोंडा काचपट्टीवर खरवडून घेतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या दहा टक्के द्रावणाचा थेंब टाकतात आणि त्वचेच्या पेशी विरघळून पारदर्शक होईपर्यंत थांबतात. बुरशी असेल तर फांद्या फुटलेले, आडव्या पडद्यांचे लांब धागे दिसतात. नमुना मध्यातून न घेता कडेवरूनच घ्यायचा, कारण बुरशी तिथेच वाढत असते. आपल्या रुग्णाच्या कडेवरच्या कोंड्यात हे धागे सापडतात, काखेतल्या कोंड्यात सापडत नाहीत. म्हणजे काखेत फक्त जिवाणू आणि जांघेत दोघेही. ही भागीदारी तितकीशी विरळ नाही. पायांच्या बोटांच्या बेचक्यांत तर ती नेहमी आढळते.

आता आधीच्या औषधांचा इतिहासही उलगडतो. क्लोट्रिमॅझोल हे बुरशीनाशक असले तरी एरिथ्रास्माच्या जिवाणूवरही त्याचा थोडाफार परिणाम होतो, म्हणून अर्धवट गुण आला. अशा अर्धवट गुणावरून ‘म्हणजे बुरशीच होती’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. टर्बिनाफिन या दुसऱ्या बुरशीनाशकाचा या जिवाणूविरुद्ध असा उपयोग धरता येत नाही. आणि स्टेरॉइडने सूज आणि खाज दाबून टाकली, पण त्वचेचा प्रतिकारही दाबला, त्यामुळे बुरशीला मोकळे रान मिळाले. माझ्या मते मिश्र मलमाची ती नळी हाच या प्रकरणातला सर्वांत महागडा उपचार होता, छापील किंमत कितीही कमी असो.

एरिथ्रास्मावर क्लिंडामायसिन किंवा फ्युसिडिक ॲसिडचे मलम दिवसातून दोनदा, साधारण दोन आठवडे देतात. आजार फार पसरला असेल तर क्लॅरिथ्रोमायसिनचा एक ग्रॅमचा एकच डोसही पुरतो. परंतु कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी आणि मधुमेहाच्या काही गोळ्यांशी क्लॅरिथ्रोमायसिनचे जमत नाही, म्हणून या रुग्णाला डॉक्टर मलमच देतात. जांघेतल्या नायट्याचा उपचार वेगळा आणि लांबणारा असतो. भारतात अलीकडे ट्रायकोफायटन इंडोटिनी ही बुरशी बरीच आढळते आणि तिच्या अनेक प्रकारांवर टर्बिनाफिन चालेनासे झाले आहे, त्यामुळे डॉक्टर बहुधा इट्राकोनॅझोलकडे वळतात. तेही कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी जुळत नाही, म्हणून दवाखान्यात जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत.

दोन आठवड्यांनी काखेतला डाग फिका होतो. क्वचित त्या वेळीही दिव्याखाली मंद लाली दिसते, कारण जिवाणू मेले तरी त्यांनी सोडलेले द्रव्य मृत थर गळून पडेपर्यंत तिथे राहू शकते. डाग निवळत असेल तर तेवढ्यावरून औषध वाढवत नाहीत. याउलट काही महिन्यांनी डाग पुन्हा उठला, तर नवे मलम लिहून देण्याआधी डॉक्टर तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी ही रक्ततपासणी सांगतात, कारण वारंवार येणाऱ्या एरिथ्रास्मामागे आटोक्यात नसलेला मधुमेह अनेकदा सापडतो.